पैसा मागण्याआधी प्रश्न ठरवा : सौंदर्यप्रसाधनांच्या नव्या ब्रँडसाठी गुंतवणुकीची तयारी

सौंदर्यप्रसाधनांचा नवा ब्रँड घेऊन गुंतवणूकदाराकडे जाणारी बहुतेक मंडळी बाजार किती मोठा आहे इथून बोलायला सुरुवात करतात. देशात इतके कोटी ग्राहक, त्यातले एक टक्का आपल्याकडे आले तरी इतकी उलाढाल, असे ते गणित असते. समोरच्या माणसाने ते त्या आठवड्यात अनेकदा ऐकलेले असते. बाजार मोठा आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच त्याने भेटीची वेळ दिली. त्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच. तुमची ट्यूब एकदा घेतलेली बाई ती संपल्यावर पुन्हा तुमच्याकडे येते का, आणि तिला पहिल्यांदा आणायला तुम्ही जे पैसे घातले ते कधी परत मिळतात? सुरुवातीच्या गुंतवणुकीने याच प्रश्नाचे उत्तर मिळवायचे असते. पिच, मागणीची रक्कम, द्यायचा हिस्सा आणि कंपनीचे मूल्यांकन या चारही गोष्टी याच प्रश्नातून निघाव्यात असे माझे ठाम मत आहे.

एक नमुना घेऊन सगळे गणित करून पाहू. पुण्यातल्या दोन मैत्रिणींचा सनस्क्रीनचा ब्रँड आहे असे धरा. एकीचे शिक्षण प्रसाधन रसायनशास्त्रातले, दुसरीने विक्री-विपणनात काम केलेले. सावळ्या त्वचेवर पांढरट थर न उमटणारी ५० ग्रॅमची ट्यूब, छापील किंमत ४९९ रुपये. माल एका परवानाधारक कारखान्यातून बनवून घेतात आणि विक्री मुख्यतः स्वतःच्या संकेतस्थळावरून होते. महिन्याला साधारण २,१५० ऑर्डर, सवलत आणि जीएसटी वजा जाता ८ लाखांची विक्री. आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही वाचताना शेजारी आपले लिहीत जा.

एका ऑर्डरचा हिशेब

४९९च्या ट्यूबवर सरासरी ६० रुपये सवलत जाते, म्हणजे ग्राहक ४३९ देतो. त्यात १८ टक्के जीएसटी आहे. तो काढला की कंपनीच्या हाती ३७२ रुपये उरतात. पिचमध्ये विक्रीचा आकडा द्यायचा तो या ३७२वरून, ४९९वरून नाही. अनेक जण छापील किमतीला ऑर्डरच्या संख्येने गुणून मोठा आकडा दाखवतात. गुंतवणूकदाराचा सनदी लेखापाल जीएसटीची विवरणपत्रे मागवतो तेव्हा हा फुगवटा पहिल्याच दिवशी उघडा पडतो, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या आकड्यांवरही संशय बसतो.

३७२मधून क्रीम, ट्यूब आणि खोक्याचे ९५ रुपये गेले. कुरियर आणि पॅकिंगचे ६५. पेमेंट गेटवे आणि रोख वसुलीचा खर्च १५. परत आलेल्या पार्सलांचा भार प्रत्येक ऑर्डरवर वाटला तर १७. एकूण १९२. हातात राहिले १८० रुपये. या रकमेला योगदान म्हणतात. पगार, भाडे आणि जाहिरात यांच्याकडे वळवता येईल असा हा पैसा.

आता जाहिरात. महिन्याचा इन्स्टाग्राम, गुगल आणि इन्फ्लुएन्सरचा एकूण खर्च त्या महिन्यात आलेल्या नव्या ग्राहकांच्या संख्येने भागा. आपल्या नमुन्यात तो २९० रुपये येतो. नव्या ग्राहकांनीच भागायचे, एकूण ऑर्डरनी नाही. जुने ग्राहक त्यात मिसळले की खर्च कमी दिसतो आणि तुमचीच फसगत होते. इन्फ्लुएन्सरला फुकट पाठवलेल्या ट्यूबही याच खर्चात धरा.

म्हणजे पहिल्या ऑर्डरवर १८० आले आणि २९० गेले. प्रत्येक नव्या ग्राहकामागे ११० रुपयांचा तोटा. हा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही, आणि तो लपवू तर मुळीच नका. या धंद्यात पहिली ऑर्डर बहुधा तोट्यातच असते. १०० नव्या ग्राहकांवर ११,००० रुपये तोटा झाला आणि पुढच्या प्रत्येक फेरखरेदीवर १८० मिळतात, तर तोटा भरून निघायला ६२ फेरऑर्डर हव्यात. हा ६२ आकडा या कंपनीच्या पिचचा कणा आहे. १०० ग्राहकांकडून ६२ फेरऑर्डर किती महिन्यांत येतात, हे ज्याला सांगता येते त्याच्याशी गुंतवणूकदार पुढे बोलतो.

ते सांगायचे तर ग्राहकांची महिनावार तुकडी करा. जूनमध्ये पहिल्यांदा आलेले सगळे एका ओळीत, जुलैचे दुसऱ्या ओळीत. मग प्रत्येक तुकडीने ६०, ९० आणि १८० दिवसांत किती फेरऑर्डर दिल्या ते पुढे लिहा. दिवस ठरवताना वस्तू किती काळ पुरते हे बघावे लागते. चेहरा आणि मानेला दोन बोटांएवढे सनस्क्रीन रोज एकदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब सव्वा ते दीड महिना पुरते. बऱ्याच जणी त्याहून कमी लावतात, त्यांची तीन महिने चालते. म्हणून ३० दिवसांतली फेरखरेदी पाहून निराश व्हायचे कारण नाही, ९० दिवसांचा आकडा खरे सांगतो. लिपस्टिकला हेच माप लावले तर उत्तर चुकेल, कारण ती संपायच्या आधीच दुसरी छटा घेतली जाते. आणखी एक काळजी : सनस्क्रीनची मार्चमधली तुकडी आणि जुलैमधली तुकडी सारखी वागत नाही. पावसाळ्यात फेरखरेदी मंदावली तर ती ऋतूमुळे की क्रीममुळे, हे ओळखायला किमान एका उन्हाळ्याची आणि एका पावसाळ्याची तुकडी शेजारी ठेवून दाखवा.

आपल्या मैत्रिणींच्या तुकड्या सांगतात की १०० ग्राहकांकडून सहा महिन्यांत ४४ फेरऑर्डर येतात. ६२ गाठायला जवळपास वर्ष लागते. धंदा मेलेला नाही, पण पैसा फार उशिरा परत येतो. आणि जाहिरातीचा खर्च २९०वरून ३८० झाला, दिवाळीच्या सुमाराला तो होतोच, तर तोटा ग्राहकामागे २०० होतो आणि ६२ऐवजी ११२ फेरऑर्डर लागतात. गुंतवणूकदार हे गणित तुमच्यासमोर बसून करील. तुम्ही आधी केलेले असावे.

पैशाने काय सिद्ध करायचे

आता उपाय दिसू लागतो. ट्यूबसोबत फेसवॉश विकला आणि दोन्ही मिळून ६४९ रुपयांची खरेदी झाली तर कर वजा जाता ५५० उरतात. माल, कुरियर आणि बाकी खर्च २८५ धरले तर योगदान २६५. जाहिरात तीच २९०, कारण ग्राहक तोच आहे. पहिल्या ऑर्डरवरचा तोटा ११०वरून २५वर आला. १०० ग्राहकांवर २,५०० रुपये, म्हणजे १८०च्या हिशेबाने १४ फेरऑर्डरमध्ये तो भरून निघतो. सगळेच ग्राहक जोडी घेणार नाहीत हे उघड आहे. पण तिघांतल्या एकाने घेतली तरी चित्र बदलते. एकाच वस्तूवर उभ्या असलेल्या ब्रँडला गुंतवणूकदार दुसऱ्या वस्तूबद्दल का विचारतो, त्याचे कारण हे गणित आहे.

तर या कंपनीला पहिल्या गुंतवणुकीतून दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. एक, दुसरी वस्तू आल्यावर ग्राहक आणण्याचा खर्च सहा महिन्यांत वसूल होतो. दोन, विक्री तिप्पट झाली तरी तो खर्च आवाक्यात राहतो. ५०० ग्राहक मिळवणे सोपे असते, कारण ते ओळखीपाळखीतून आणि सगळ्यात उत्सुक वर्गातून येतात. ५,०००वा ग्राहक अनोळखी असतो, आणि त्याला आणायला खरा खर्च किती येतो हे त्या पातळीवर गेल्याशिवाय कळत नाही.

वेळही इथूनच ठरतो. नव्या वस्तूचे सूत्र बसवायला दोन-तीन महिने जातात. मग ती ४० अंश तापमानाला साधारण तीन महिने ठेवून टिकाऊपणाची चाचणी करतात. रंग उतरतो का, थर वेगळे होतात का, वास बदलतो का हे त्यात पाहतात. जंतू वाढत नाहीत ना, याची वेगळी चाचणी असते. ही घाईने उरकलेली दिसली तर जाणकार गुंतवणूकदार तिथेच थांबतो, कारण एक बुरशी धरलेली बाटली छायाचित्रासह सगळीकडे फिरली की ब्रँड संपतो. चाचण्यांसह सहा-सात महिने गेले. त्यानंतर ग्राहकांची एक तुकडी पूर्ण सहा महिने पाहायची. मग पुढच्या गुंतवणुकीच्या बोलण्यांना चार-पाच महिने. बेरीज दीड वर्ष. 'आम्हाला १८ महिन्यांचा पैसा हवा' असे सगळेच म्हणतात. ते १८ कुठून आले हे असे उलगडून सांगणारे थोडे असतात.

मग रक्कम. पाच माणसांचे पगार महिन्याला अडीच लाख, दीड वर्षाचे ४५ लाख. दोन्ही वस्तूंच्या मालात अडकणारे ४० लाख. जाहिरातीचा जो भाग विक्रीतून भरून निघत नाही त्याला ३५ लाख. दुसरी वस्तू आणि चाचण्या १२ लाख. हाताशी राखीव १८ लाख. एकूण दीड कोटी.

यातल्या ४० लाखांवर थोडे थांबतो, कारण नवखे लोक नेमके हेच विसरतात. छापील ट्यूब बनवणारा १०,०००च्या खाली ऑर्डर घ्यायला सहसा तयार नसतो आणि आगाऊ पैसे मागतो. कारखान्यात माल तयार व्हायला काही आठवडे, गोदामात तो दोन महिने, आणि ऑनलाइन बाजारपेठा किंवा दुकाने पैसे देतात ते विक्रीनंतर आणखी काही आठवड्यांनी. आज गेलेला रुपया चार महिन्यांनी परत येतो. विक्री वाढली की हा अडकलेला पैसा वाढतो, म्हणून नफ्यात चाललेला ब्रँडही रोख संपून बंद पडू शकतो. दुकानदार माल परत घेण्याच्या अटीवर ठेवतो तेव्हा तर तो विकला गेलेलाच नसतो. दुकानात पोचलेला माल आणि ग्राहकाने नेलेला माल यांचे आकडे वेगळे दाखवा. हा प्रश्न छोट्यांनाच असतो असे नाही. ममाअर्थची मूळ कंपनी होनासा नोव्हेंबर २०२३मध्ये शेअर बाजारात आली. पुढच्याच वर्षी वितरणाची साखळी बदलताना वितरकांकडे साठलेला माल मागे घ्यावा लागला, जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत तोटा झाला आणि शेअर एका दिवसात २० टक्के घसरला.

हिस्सा आणि मूल्यांकन

इक्विटी म्हणजे कंपनीच्या मालकीतला हिस्सा. तो कर्जासारखा परत करायचा नसतो, पण एकदा दिला की परत मिळवणेही जवळजवळ अशक्य असते. कंपनीचे १ लाख शेअर आहेत असे धरा, एकीकडे ५५ हजार आणि दुसरीकडे ४५ हजार. गुंतवणूकदार या दोघींकडचे शेअर विकत घेत नाही. कंपनी नवे शेअर काढते आणि पैसा कंपनीच्या खात्यात येतो. संस्थापकांच्या शेअरची संख्या तीच राहते, एकूण वाढल्यामुळे टक्केवारी घटते.

पैसा येण्याआधी कंपनीची किंमत ६ कोटी ठरली तर एका शेअरचा भाव ६०० रुपये. दीड कोटीत २५,००० नवे शेअर. एकूण १ लाख २५ हजार, त्यातला गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के. गुंतवणुकीनंतरची किंमत साडेसात कोटी. बैठकीत कुणी नुसते '६ कोटी व्हॅल्युएशन' म्हणाले तर पैसा येण्याआधीची की नंतरची, हे त्याच क्षणी विचारा. नंतरची ६ कोटी असेल तर दीड कोटीचा हिस्सा २५ टक्के होतो. एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ५ टक्के कंपनी.

याहून कमी दिसणारी गोष्ट म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचे शेअर. गुंतवणूकदार बहुधा सांगतो की गुंतवणुकीनंतर १० टक्के राखीव असावेत आणि ते आधीच्या किमतीत धरावेत. म्हणजे नंतरच्या एकूणात त्याचे २०, राखीव १० आणि तुमचे ७०. तुमचे १ लाख शेअर ७० टक्के व्हायचे तर एकूण साधारण १ लाख ४२ हजार ८५७ शेअर हवेत. भाव ६००ऐवजी ५२५ पडतो. कागदावर ६ कोटी लिहिलेले असले तरी तुमच्या शेअरची किंमत सव्वापाच कोटीच झाली. राखीव हिस्सा ठेवू नये असे मी म्हणत नाही. पुढच्या दीड वर्षात कोणती माणसे घ्यायची आहेत त्यांची यादी करा. त्यांना ६ टक्के पुरत असतील तर १०ऐवजी ६वर बोला. या मुद्द्यावर केलेली घासाघीस मूल्यांकनावरच्या घासाघिशीइतकीच मोलाची असते.

पण हे ६ कोटी आले कुठून? खरे उत्तर असे की इतक्या लहान कंपनीचे मूल्यांकन कोणत्याही सूत्रातून काटेकोर निघत नाही. ते दोन टोकांमधून येते. या टप्प्यावर गुंतवणूकदार साधारण १५ ते २५ टक्के हिस्सा घेतात. त्याहून कमी घेतला तर त्यांना रस राहत नाही, जास्त घेतला तर पुढच्या फेऱ्यांनंतर संस्थापकांकडे फारसे उरत नाही. दीड कोटी लागत असतील तर नंतरची किंमत ६ ते १० कोटींच्या दरम्यान येते. त्या पट्ट्यात तुम्ही कुठे बसता ते तुकड्यांचे आकडे, संघ आणि किती जणांना गुंतवणूक करायची आहे यावर ठरते.

आता पुढून मागे येऊन तपासा. दीड वर्षाने महिन्याची विक्री ८ लाखांवरून २५ लाखांवर गेली, म्हणजे वर्षाला ३ कोटी. त्या वेळच्या गुंतवणूकदाराने वार्षिक विक्रीच्या पाचपट किंमत मान्य केली तर १५ कोटी. आजच्या साडेसात कोटींच्या दुप्पट. आजचा गुंतवणूकदारही खूश आणि तुम्हीही. पण आज तुम्ही हट्टाने आधीची किंमत १५ कोटी मिळवली असती तर? हिस्सा फक्त ९ टक्क्यांच्या आसपास गेला असता, आनंद झाला असता. मात्र नंतरची किंमत साडेसोळा कोटी झाली. दीड वर्ष नीट काम करून, विक्री तिप्पट करूनही पुढची किंमत १५ कोटीच येते आणि कागदावर कंपनी स्वस्त झालेली दिसते. घसरत्या किमतीची फेरी म्हणजे जुन्या गुंतवणूकदारांची संरक्षण कलमे लागू होणे, त्यांना जास्त शेअर मिळणे आणि नवा गुंतवणूकदार बिचकणे. सुरुवातीला मिळेल तितके जास्त मूल्यांकन घ्यावे हा सल्ला मला म्हणूनच चुकीचा वाटतो. दीड वर्षात कामाने गाठता येईल इतकेच घ्यावे.

वर्तमानपत्रातले मोठे सौदे इथे दिशाभूल करतात. जानेवारी २०२५मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने जयपूरच्या मिनिमलिस्ट या ब्रँडचा ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीची किंमत सुमारे ३,००० कोटी धरली होती. त्यानंतर अनेक पिचमध्ये तो आकडा आणि त्यावरून काढलेले गुणोत्तर दिसू लागले. पण २०२०मध्ये सुरू झालेला तो ब्रँड तोवर शेकडो कोटींची वार्षिक विक्री करत होता आणि नफ्यात होता. शिवाय घेणाऱ्याकडे देशभर वितरणाची यंत्रणा तयार होती. नियंत्रण विकत घेणारा जी किंमत देतो ती अल्प हिस्सा घेणारा देत नाही. हा सौदा पिचमध्ये दाखवायचाच असेल तर एका गोष्टीसाठी दाखवा : या क्षेत्रात गुंतवणूकदाराला बाहेर पडायचा रस्ता आहे, मोठ्या कंपन्या चांगले ब्रँड विकत घेतात.

मूल्यांकनावर एकमत होत नसेल तर ते पुढे ढकलता येते. आज पैसा घ्यायचा आणि पुढच्या मोठ्या फेरीच्या भावात ठरलेली सूट देऊन त्याचे शेअर करायचे. सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने मान्यता दिलेल्या स्टार्टअपला परिवर्तनीय नोट काढता येते, तिच्यात एका गुंतवणूकदाराकडून एका हप्त्यात किमान २५ लाख घ्यावे लागतात. मुंबईच्या हंड्रेडएक्स डॉट व्हीसीने २०१९मध्ये आणलेली आयसेफ नोटही याच कल्पनेची. फक्त कमाल मूल्यांकनाची मर्यादा लिहिलेली असते ती नीट वाचा. अशा दोन-तीन नोटा घेतल्या तर त्या सगळ्यांचे शेअर झाल्यावर तुमच्याकडे किती उरेल, हे आजच कोष्टकात मांडून पाहा.

सादरीकरण कसे बांधावे

वरचे गणित झाले की दहा-बारा पाने सहज होतात. पहिल्या पानावर वस्तू आणि ती कुणासाठी आहे, दोन वाक्यांत. बाजूला पाच वेगवेगळ्या वर्णांच्या हातांवर लावलेल्या क्रीमचे छायाचित्र, त्यावर कोणताही फिल्टर नको. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच तुकड्यांचे कोष्टक आणा. ते शेवटी ठेवले तर बरेच जण तिथवर पोचत नाहीत. मग एका ऑर्डरचा हिशेब, मग दुसऱ्या वस्तूने तो कसा बदलतो, मग संघ, मग मागणी. मागणीच्या पानावर 'दीड कोटी' एवढेच न लिहिता त्या पैशाने कोणत्या महिन्यात काय सिद्ध होईल ते लिहा. 'सातव्या महिन्यात फेसवॉश बाजारात, तेराव्या महिन्यात सहा महिन्यांची वसुली दिसेल' असे. आणि ते नाही दिसले तर काय कराल, तेही. जाहिरात थांबवून संकेतस्थळावरच्या जुन्या ग्राहकांवर आणि औषधदुकानांवर भर देऊ, असे साधे उत्तर असले तरी चालते. उत्तर नसणे चालत नाही. बैठकीत वस्तू हातात द्या, गुंतवणूकदाराला ती लावू द्या. या धंद्याला मिळालेली ही सोय सॉफ्टवेअरवाल्यांकडे नाही.

भेटीआधी कागदांची एक फाइल तयार असावी, कारण गोष्टी बिघडतात त्या बहुधा इथे. कारखान्याचा प्रसाधन निर्मितीचा परवाना २०२०च्या नियमांखालचा आणि चालू मुदतीचा आहे ना, ते पाहा. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. ब्रँडचे नाव ट्रेडमार्कच्या तिसऱ्या वर्गात नोंदले आहे ना, आणि कुणा एका संस्थापकाच्या नव्हे तर कंपनीच्या नावावर आहे ना, ते पाहा. एसपीएफचा आकडा छापला असेल तर त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. वेष्टणावर 'डाग बरे करते' असे लिहिले असेल तर ते काढा, कारण आजार बरा करण्याचा दावा केला की वस्तू प्रसाधन न राहता औषधाच्या कायद्याखाली जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, सूत्र कुणाचे आहे? कारखान्याने स्वतःच्या तयार सूत्रावर तुमचे लेबल लावले असेल तर तो तेच क्रीम उद्या दुसऱ्या नावाने कुणालाही देऊ शकतो. गुंतवणूकदार मग नक्की कशात पैसे घालतोय? सूत्र तुमच्या रसायनतज्ज्ञ भागीदाराने बनवले असेल तर तिच्या आणि कंपनीमधला हस्तांतरणाचा करार, तसेच कारखान्याबरोबरचा गोपनीयतेचा करार फाइलमध्ये असू द्या.

कागदावर सही करण्याआधी

गुंतवणूकदार बहुधा साधे शेअर घेत नाही, नंतर सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्राधान्य शेअर घेतो. कंपनी विकली गेल्यास त्याचे पैसे आधी, असे कलम त्यात असते. त्याचे दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. दुर्दैवाने कंपनी ५ कोटींना विकावी लागली असे धरा. पहिल्या प्रकारात गुंतवणूकदार एकच पर्याय निवडतो : आपले दीड कोटी परत, नाहीतर २० टक्क्यांप्रमाणे १ कोटी. तो दीड कोटी घेतो, साडेतीन कोटी उरतात. दुसऱ्या प्रकारात आधी दीड कोटी घेतो आणि उरलेल्या साडेतीन कोटींतून पुन्हा २० टक्के, म्हणजे ७० लाख. एकूण २ कोटी २० लाख. मूल्यांकनात अर्धा कोटी वाढवून मिळावा म्हणून भांडणारे लोक या एका ओळीकडे पाहतही नाहीत. पहिला प्रकार मागा. तो रास्त आहे आणि बहुतेक चांगले गुंतवणूकदार मान्य करतात.

संस्थापकांचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होतील, असे कलम येईल. त्याचा राग मानू नका. दोन मैत्रिणींपैकी एक आठव्या महिन्यात सोडून गेली आणि ४५ टक्के घेऊन गेली, तर राहिलेलीचे काय होईल याचा विचार करा. हा करार गुंतवणूकदार येण्याआधीच दोघींनी आपसांत केलेला असावा.

पूर्वी नव्या कंपनीने जास्त भावाने शेअर विकले की वरच्या रकमेवर कर लागायचा. तो एंजल टॅक्स २०२४च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण कंपनी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल अजूनही लागतो. खासगी प्रस्तावातून आलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो. तो आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटायचे आणि वाटल्यापासून १५ दिवसांत पीएएस-३ हा फॉर्म निबंधकांकडे भरायचा. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. त्यामुळे ट्यूबवाल्याला आगाऊ रक्कम देण्याची तारीख पैसे खात्यात येण्याच्या दिवसावर बेतू नका. फॉर्म भरल्यानंतरची धरा, आणि मधल्या दोन-अडीच महिन्यांचे पगार जुन्या खात्यात बाजूला काढून ठेवा.